टेकडी आड आली तर सिग्नल किती पडतो? नाईफ-एज विवर्तनाचा हिशेब, पायरीपायरीने

नकाशावर दोन ठिकाणं जोडणारी रेघ ओढली आणि मधे टेकडी आली, की बहुतेक जण पेन्सिल खाली ठेवतात. "लाइन ऑफ साइट नाही, विषय संपला." याच्या उलट टोकाचे लोकही भेटतात: "टेकडी काही फार उंच नाही, चालून जाईल." दोघांनीही आकडा काढलेला नसतो. तो काढायला साधा सायंटिफिक कॅल्क्युलेटर आणि दहा मिनिटं पुरतात, आणि उत्तर पुष्कळदा दोघांनाही चकवतं. एकच टेकडी एका वारंवारतेला जेमतेम अडवते आणि दुसऱ्या वारंवारतेचा मार्ग पार बंद करते.

या लेखात मार्गात एकच ठळक अडथळा आहे असं धरून हा हिशेब सुरुवातीपासून शेवटपर्यंत करू. पद्धतीचं नाव नाईफ-एज, कारण टेकडीचा माथा सुरीच्या पात्यासारखा पातळ, धारदार आणि दोन्ही बाजूंना अमर्याद पसरलेला मानायचा. खरी टेकडी तशी नसते. त्याची किंमत किती मोजावी लागते, तेही पुढे येईल.

सावलीत सिग्नल पोहोचतो कसा

रेडिओलहर म्हणजे बंदुकीची गोळी नव्हे. अँटेनातून निघालेली लाट मोठ्या पडद्यासारखी पसरत पुढे सरकते, आणि त्या पडद्याचा प्रत्येक बिंदू पुढे नवी लाट सोडत असतो. टेकडीने पडद्याचा खालचा भाग कापला तरी माथ्याच्या वरून गेलेला भाग शाबूत असतो, आणि त्यातले बिंदू टेकडीमागच्या सावलीतही लाटा पाठवत राहतात. हेच विवर्तन.

एक आकडा यातून थेट निघतो. दोन अँटेनांना जोडणारी सरळ रेष टेकडीच्या माथ्याला अगदी घासून जात असेल, तर पडद्याचा बरोबर अर्धा भाग झाकलेला असतो. क्षेत्राची तीव्रता अर्धी होते, म्हणजे शक्ती एक चतुर्थांश, म्हणजे ६ डेसिबलची घट. समोरचा टॉवर दुर्बिणीतून स्पष्ट दिसत असतानाही ६ डेसिबल गेलेले असू शकतात, ते यामुळे. आणि रेष माथ्याखाली गेली तरी सिग्नल शून्यावर आदळत नाही, उतारावरून घसरावं तसा हळूहळू खाली येतो.

हा उतार किती तीव्र, ते अडथळ्याच्या उंचीवर एकट्याने ठरत नाही. उंची कशाच्या तुलनेत, हा खरा प्रश्न. ती तुलना फ्रेनेल झोनशी करायची. दोन अँटेनांमध्ये सिगारच्या आकाराचा एक पट्टा असतो, मध्यावर जाड आणि टोकांना निमुळता. सिग्नलची बहुतेक ऊर्जा त्यातून जाते. त्याची कोणत्याही जागची त्रिज्या अशी:

```
F1 = sqrt( λ · d1 · d2 / (d1 + d2) )
```

λ म्हणजे तरंगलांबी, d1 आणि d2 म्हणजे अडथळ्यापासून दोन्ही अँटेनांची अंतरं. सगळं मीटरमध्ये. वारंवारता वाढली की तरंगलांबी घटते आणि पट्टा बारीक होतो. जाड पट्ट्यात ३८ मीटरची टेकडी थोडीशी घुसते, बारीक पट्ट्याला तीच टेकडी पूर्ण गिळते. बाकीचं सगळं गणित या एका वाक्यातून निघतं.

पायरी १: मार्गाचा उभा छेद

उदाहरणातला मार्ग १२ किलोमीटरचा. एका टोकाला ‘अ’ ठिकाण, दुसऱ्या टोकाला ‘ब’. टेकडीचा माथा ‘अ’पासून ४ किलोमीटरवर, म्हणजे ‘ब’पासून ८ किलोमीटरवर. समुद्रसपाटीपासूनच्या उंची अशा:

‘अ’ची जमीन ५६० मीटर, तिथे १२ मीटरचा मास्ट. अँटेना ५७२ मीटरवर.
‘ब’ची जमीन ५९० मीटर, मास्ट १२ मीटरचाच. अँटेना ६०२ मीटरवर.
टेकडीचा माथा ६१२ मीटर, त्यावर सुमारे ६ मीटर उंचीची झाडं. म्हणजे ६१८ मीटर.

झाडं धरायची की नाही, यावर वाद होतात. कमी वारंवारतेला विरळ झाडं बऱ्यापैकी पारदर्शक असतात, पण मी ती धरतो. अंदाज चुकायचाच असेल तर निराशेच्या बाजूने चुकलेला बरा. फक्त उंचीचे आकडे आले कुठून ते बघा. २०००च्या फेब्रुवारीत स्पेस शटलमधल्या रडारने घेतलेली SRTMची उंची दाट जंगलात जमिनीची नसते, झाडांच्या पसाऱ्यात कुठेतरी मधली असते. त्यावर पुन्हा झाडांची पूर्ण उंची चढवली तर एकच झाड दोनदा मोजलं जातं. शिवाय त्या नकाशात एक चौकोन साधारण ३० मीटरचा असतो, त्यामुळे अरुंद कड्याचा खरा माथा सरासरीत बुडून काही मीटर ठेंगणा दिसू शकतो. नकाशावर समपातळी रेषा आणि माथ्याचा मोजलेला आकडा मिळत असेल, तर माथ्यापुरता तोच घ्यावा.

पायरी २: पृथ्वीचा फुगवटा

छेद सपाट कागदावर काढला, पण जमीन गोल आहे. दोन टोकांच्या मधला भाग त्यामुळे थोडा वर येतो. हवेतून जाताना लाटही किंचित खाली वळते, म्हणून नेहमीच्या हवामानात पृथ्वीची त्रिज्या ४/३ पट धरायचा रिवाज आहे. दोन्ही एकत्र केले की लक्षात ठेवायला सोपं सूत्र मिळतं. अंतरं किलोमीटरमध्ये घाला, उत्तर मीटरमध्ये येतं:

```
फुगवटा = d1 · d2 / 17 = 4 · 8 / 17 = 1.9
```

दोन मीटरसुद्धा नाही. इथे तो सोडला असता तरी काही बिघडलं नसतं. पण मार्ग ५० किलोमीटरचा आणि टेकडी मध्यावर असेल, तर हाच फुगवटा २५ × २५ / १७, म्हणजे जवळजवळ ३७ मीटर होतो. म्हणून हिशेबात तो कायम ठेवावा.

टेकडीची हिशेबातली उंची झाली ६१८ अधिक १.९, म्हणजे ६२० मीटर धरू.

पायरी ३: रेषेच्या वर टेकडी किती

आता ‘अ’ आणि ‘ब’च्या अँटेना जोडणारी सरळ रेष टेकडीपाशी किती उंचीवर आहे ते काढायचं. ५७२पासून ६०२पर्यंत ३० मीटरची चढण १२ किलोमीटरमध्ये होते. ४ किलोमीटरवर त्यातला तिसरा हिस्सा झालेला असतो:

```
रेष = 572 + 30 · (4 / 12) = 582
h   = 620 − 582 = 38
```

टेकडी रेषेच्या ३८ मीटर वर. हा h धन आला, म्हणजे मार्ग अडलेला आहे. रेष माथ्याच्या वरून गेली असती तर h ऋण आला असता. हे चिन्ह नीट सांभाळा. ते उलटं झालं की अडलेला मार्ग मोकळा दिसतो आणि कॅल्क्युलेटर चूक दाखवत नाही.

आणखी एक गल्लत मी बऱ्याच जणांच्या कागदावर पाहिली आहे. रेष जमिनीपासून जमिनीपर्यंत ओढलेली असते, मास्टची उंची विसरलेली. दोन्हीकडे १२ मीटर विसरले तर h थेट ५० होतो.

पायरी ४: ν काढा

हे ग्रीक अक्षर ‘न्यू’. टेकडी पट्ट्यात किती घुसली, याचं हे एका आकड्यातलं माप. त्याला एकक नाही.

```
ν = h · sqrt( 2 · (d1 + d2) / (λ · d1 · d2) )
```

आधी वारंवारता १५० मेगाहर्ट्झ घेऊ. प्रकाशाच्या वेगावरून तरंगलांबी ३०० भागिले १५०, म्हणजे २ मीटर.

```
ν = 38 · sqrt( 2 · 12000 / (2 · 4000 · 8000) )
  = 38 · sqrt( 0.000375 )
  = 38 · 0.01936
  = 0.736
```

अंतरं मीटरमध्येच घालायची. किलोमीटर घातले तर वर्गमुळातली संख्या हजारपट होते आणि ν ३१ पटीहून जास्त फुगतो. आपल्या उदाहरणात तो २३ आला असता. एखाद्या टेकडीसाठी ν वीसच्या पुढे गेला तर आधी एककं तपासा.

उत्तर बरोबर आहे का, याची पडताळणी दुसऱ्या वाटेने करता येते. पायरी एकच्या अंतरांनी F1 काढला तर ७३ मीटर येतो. ३८ भागिले ७३ म्हणजे ०.५२, त्याला १.४१४ने गुणलं की पुन्हा ०.७३६. ν म्हणजे h आणि F1 यांचं गुणोत्तर, फक्त दोनच्या वर्गमुळाने गुणलेलं. मनातल्या मनात अंदाज बांधायला हे रूप जास्त सोयीचं.

पायरी ५: ν वरून घट

अचूक उत्तरासाठी फ्रेनेलची संकलनं सोडवावी लागतात. ती कोणी हाताने करत नाही. आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाच्या ITU-R P.526 या शिफारशीत एक जवळजवळ तितकंच अचूक सूत्र दिलं आहे, आणि ν उणे ०.७८पेक्षा मोठा असेल तेव्हा ते चालतं:

```
J = 6.9 + 20 · log10( sqrt((ν − 0.1)² + 1) + ν − 0.1 )
```

आपल्या आकड्यांनी:

```
ν − 0.1                = 0.636
sqrt(0.636² + 1)       = 1.185
बेरीज                   = 1.821
20 · log10(1.821)      = 5.2
J = 6.9 + 5.2          = 12.1 dB
```

३८ मीटरची टेकडी आड, आणि नुकसान १२ डेसिबल. घासून जाणाऱ्या रेषेलाच ६ जातात, हे आठवलं तर टेकडीने त्यावर आणखी जेमतेम तेवढेच घेतले.

ν उणे ०.७८च्या खाली असेल तर घट शून्य धरायची. हा आकडा h = −0.55 F1 च्या आसपास येतो. लिंक लावणारे "पट्टा साठ टक्के मोकळा हवा" म्हणतात, त्याचं मूळ इथेच आहे. त्याच्याही पुढे मोकळीक वाढवली तर सिग्नल मोकळ्या जागेपेक्षा किंचित वर जातो, ν उणे १.२च्या सुमारास साधारण १.४ डेसिबल, आणि मग खालीवर होत शून्यावर स्थिरावतो. ती कमाई हिशेबात धरू नये.

वारंवार करायचं असेल तर एवढा कोड पुरतो:

```python
from math import sqrt, log10

def knife_edge(h, d1, d2, f_mhz):
    lam = 299.79 / f_mhz
    v = h * sqrt(2 * (d1 + d2) / (lam * d1 * d2))
    if v <= -0.78:
        return v, 0.0
    J = 6.9 + 20 * log10(sqrt((v - 0.1)**2 + 1) + v - 0.1)
    return v, J

print(knife_edge(38, 4000, 8000, 150))
```

घाईत असाल तर ν दोनच्या पुढे गेल्यावर `13 + 20·log10(ν)` एवढंच वापरा. फरक अर्ध्या डेसिबलच्या आत राहतो.

पायरी ६: पूर्ण हिशेबात बसवा

१२ डेसिबल जास्त की कमी, हे नुसतं त्या आकड्याकडे बघून ठरत नाही. मोकळ्या जागेतली घट आधी काढायची, अंतर किलोमीटरमध्ये आणि वारंवारता मेगाहर्ट्झमध्ये:

```
32.44 + 20·log10(12) + 20·log10(150) = 97.5 dB
```

ट्रान्समीटर ५ वॅटचा, म्हणजे ३७ डीबीएम. दोन्हीकडे ५ डीबीआयचे अँटेना, दोन्ही केबलमध्ये २-२ डेसिबल जातात असं धरू. टेकडी नसती तर रिसीव्हरवर ३७ + ५ + ५ − २ − २ − ९७.५, म्हणजे उणे ५४.५ डीबीएम मिळाले असते. टेकडीसकट उणे ६६.६. अशा एफएम रिसीव्हरला उणे ११८च्या आसपाससुद्धा बोलणं कळतं. म्हणजे हातात जवळजवळ ५१ डेसिबल शिल्लक. त्यातले वीस हवामान, परिसरातला गोंगाट आणि आपल्या अंदाजातली चूक यांच्या नावे सोडून दिले, तरी लिंक ठणठणीत चालते. नकाशा बघून ज्याने पेन्सिल खाली ठेवली असती, त्याने चांगला मार्ग सोडला असता.

तीच टेकडी, २४०० मेगाहर्ट्झ

आता याच दोन मास्टवर वाय-फायच्या वारंवारतेची लिंक लावायची म्हटलं तर? वारंवारता सोळापट, म्हणून ν चौपट. पुन्हा सगळं करायची गरज नाही: ०.७३६ × ४ = २.९४. सूत्रात घातला की J येतो २२.३ डेसिबल. ५८०० मेगाहर्ट्झला ν ४.५८ आणि घट २६ डेसिबल.

टेकडीने आधीपेक्षा १० डेसिबल जास्त घेतले, पण खरा मार पूर्ण हिशेबात बसतो. मोकळ्या जागेची घट आता १२१.६ डेसिबल. ट्रान्समीटर १०० मिलिवॅट, म्हणजे २० डीबीएम. अँटेना दोन्हीकडे १६ डीबीआयचे, केबलचा १-१ डेसिबल. टेकडीविना उणे ७१.६ डीबीएम, म्हणजे चांगली लिंक. टेकडीसकट उणे ९३.९, म्हणजे सगळ्यात मंद वेगालाही रिसीव्हर कसाबसा पकडेल अशी हद्द, आणि हाताशी शिल्लक काहीच नाही. हा मार्ग सोडावा.

मास्ट वाढवून काय मिळतं

अडलेल्या लिंकवर पहिला सल्ला येतो तो "अँटेना वर न्या". तो तपासून बघू. ‘अ’चा मास्ट १० मीटरने वाढवला तर टेकडीपाशी रेष १० × ८/१२, म्हणजे ६.७ मीटर उचलली जाते. तोच खर्च ‘ब’वर केला तर १० × ४/१२, म्हणजे फक्त ३.३ मीटर. मास्ट वाढवायचाच असेल तर अडथळ्याला जवळ असलेल्या टोकाचा वाढवावा.

h ३८वरून ३१.३ झाला. १५० मेगाहर्ट्झला ν ०.६०६ आणि घट ११.१ डेसिबल. बावीस मीटरचा मास्ट उभारून कमावला एक डेसिबल. २४०० मेगाहर्ट्झला घट २०.६ होते, म्हणजे पावणेदोन डेसिबलची कमाई. खोल सावलीत अँटेना वर नेऊन फारसं हाती लागत नाही, कारण घट ν च्या लॉगरिदमने बदलते. २४००ला रेष नुसती घासून जाण्यासाठीच ‘अ’चा मास्ट ५७ मीटरने उंच करावा लागेल, आणि पट्टा साठ टक्के मोकळा करायला ७३-७४ मीटरने. तेवढं लोखंड उभं करण्यापेक्षा माथ्यावर रिले बसवणं किंवा मार्ग दुसरीकडून नेणं शहाणपणाचं.

उंचीची खरी कमाई असते ती रेष माथ्याच्या जवळपास असताना, थोडी खाली किंवा थोडी वर. तिथे काही मीटरांत चारपाच डेसिबल मिळून जातात.

इमारत आड आली तर

सूत्र तेच, पण d1 फार लहान असतो आणि त्याने चित्र पालटतं. समजा ९०० मेगाहर्ट्झ, तरंगलांबी ०.३३३ मीटर. दोन्ही अँटेना सारख्या उंचीवर. तुमच्यापासून ४० मीटरवर इमारत, तिचं छत रेषेच्या २० मीटर वर. समोरचं टोक इमारतीपासून ३ किलोमीटरवर. ν येतो ७.८ आणि घट ३०.७ डेसिबल. टेकडीच्या निम्म्या उंचीची इमारत, पण तिची सावली कितीतरी गडद, कारण तिच्या इतक्या जवळ पट्टा टोकाशी निमुळता झालेला आहे आणि लाटेला छतावरून तुमच्यापर्यंत येताना तीव्र कोनात वळावं लागतं.

इथला उपाय मागे सरकणं हा आहे. त्याच रेषेत १६० मीटर मागे गेलात, म्हणजे इमारतीपासून २०० मीटरवर, तर ν ३.५८ आणि घट २३.९ होते. अंतर वाढल्याची अर्ध्या डेसिबलची किंमत वजा केली तरी सहाहून जास्त डेसिबल फुकट मिळाले. भिंतीला चिकटून उभं राहिलेल्याला पलीकडचं झाड दिसत नाही, चार पावलं मागे आल्यावर शेंडा दिसतो, तसंच हे.

अँटेना रोखतानाही कोन विसरू नये. ४० मीटरवरचं छत २० मीटर वर म्हणजे जवळजवळ २७ अंश. सिग्नल त्या कडेवरून येतोय, समोरच्या भिंतीतून नाही. यागी आडवी ठेवून भिंतीकडे रोखली तर आणखी काही डेसिबल विनाकारण जातात. आपल्या टेकडीच्या उदाहरणात हाच कोन ०.७ अंश होता, त्यामुळे तिथे प्रश्न आला नाही.

पण इमारतीबाबत हा आकडा मी हातचं राखून वापरतो. इमारत अमर्याद रुंद नसते. सिग्नल दोन्ही बाजूंच्या उभ्या कडांवरूनही वळतो, आणि समोरच्या भिंतींवर आपटून मागच्या दारानेही येतो. १८१८ साली फ्रेनेलने प्रकाशाच्या विवर्तनाचा निबंध फ्रेंच अकादमीपुढे ठेवला, तेव्हा परीक्षकांपैकी प्वासाँने त्याचंच गणित पुढे नेऊन म्हटलं, की हे खरं असेल तर गोल चकतीच्या सावलीच्या बरोबर मध्यभागी उजेडाचा ठिपका दिसायला हवा. हे अशक्य, असं त्याला म्हणायचं होतं. परीक्षकांपैकीच अरागोने प्रयोग केला आणि ठिपका दिसला. सगळ्या कडांवरून आलेल्या लाटा तिथे एकाच तालात पोहोचतात. मर्यादित आकाराच्या अडथळ्यामागे नुसत्या वरच्या कडेचा हिशेब करून भागत नाही, याचं याहून नेटकं उदाहरण मला माहीत नाही. गणिताने ३० डेसिबलच्या पुढचा आकडा दिला की दुसऱ्या वाटेने आलेला सिग्नल बहुधा त्याहून मोठा असतो.

गोल माथा आणि दुसरी टेकडी

सुरीची धार हा टेकडीसाठी सर्वांत दयाळू अंदाज आहे. माथा गोलसर असेल तर लाटेला त्याच्या पाठीवरून सरपटत जावं लागतं आणि घट वाढते. आपल्या टेकडीच्या माथ्याची वक्रता ५०० मीटर त्रिज्येची असेल, तर P.526मधल्या दुरुस्तीने १५० मेगाहर्ट्झला साधारण अडीच डेसिबल आणि २४००ला पावणेपाचच्या आसपास जास्तीचे जातात. सपाट पठारासारख्या माथ्याला तर याहून बरेच. छेदात माथा टोकदार न दिसता पसरट दिसला की माझ्या उत्तरात मी सरळ पाच-दहा डेसिबल वाढवतो आणि मग ठरवतो.

मार्गात दोन टेकड्या असतील तर दोघींची घट वेगवेगळी काढून नुसती बेरीज करू नका. बुलिंग्टनची १९४७ची पद्धत सर्वांत सोपी आहे. ‘अ’वरून दिसणाऱ्या सर्वांत उंच कोनाच्या माथ्याला रेष, ‘ब’वरून तशीच दुसरी, आणि दोन्ही जिथे छेदतात तिथे एकच काल्पनिक धार मानायची. मधल्या टेकड्या ती विसरते, म्हणून उत्तर आशावादी येतं. डेगूच्या १९६६च्या पद्धतीत सर्वांत मोठा ν असलेली धार आधी घेतात, मग तिच्या दोन्ही बाजूंच्या तुकड्यांत राहिलेल्या धारा मोजतात. तिचा कल उलट, घट जास्त दाखवण्याकडे. दोन्ही उत्तरं काढली तर खरं मधे कुठेतरी सापडण्याची शक्यता बरी असते.

जागेवर पडताळणी

लिंक लावल्यावर मोजलेला आणि काढलेला आकडा चारपाच डेसिबलमध्ये जुळला तर समाधान मानावं. दहाच्या वर तफावत असेल तर आधी टेकडीवर बोट दाखवू नका. एका मार्गावर मला ९ डेसिबल कमी मिळत होते. दोन दिवस मी छेद पुन्हा काढला, झाडांची उंची वाढवून पाहिली, गोल माथ्याची दुरुस्ती लावली, आणि गणित बऱ्यापैकी जुळवूनही आणलं. तिसऱ्या दिवशी मास्टवरचा कनेक्टर सोडवला तर आतून पाणी टपकलं. टेप नीट गुंडाळलेली नव्हती. तेव्हापासून जवळच्या, डोळ्यांना दिसणाऱ्या ट्रान्समीटरवर आधी अँटेना आणि केबल तपासून घेतो.

केबल निर्दोष निघाली तर अँटेना हळूहळू वर-खाली करून बघा. निव्वळ विवर्तनाचा सिग्नल उंचीबरोबर संथपणे, एकाच दिशेने बदलतो. आपल्या १५० मेगाहर्ट्झच्या मार्गावर दहा मीटरमध्ये एक डेसिबल, हे वर पाहिलंच. मीटर-दीड मीटरमध्येच काटा आठ-दहा डेसिबलने नाचत असेल, तर जवळच्या जमिनीचं किंवा भिंतीचं परावर्तन त्यात मिसळतंय. अशा वेळी अँटेना उंच न्यायच्या ऐवजी अर्ध्या तरंगलांबीएवढी, म्हणजे मीटरभर, आडवी सरकवून चांगली जागा शोधावी. मग दिशादर्शी अँटेना पूर्ण फिरवून बघा. सर्वांत मोठा सिग्नल नकाशावरच्या दिशेला न मिळता वीस-तीस अंश बाजूला मिळाला, तर तो टेकडीवरून आलेलाच नाही, दुसऱ्याच डोंगरावर आपटून आलाय. त्या लिंकसाठी हा सगळा हिशेब लागू नाही, आणि अँटेना त्या डोंगराकडेच रोखून ठेवायची.